मदत हवी आहे: कॅशबॅक ट्रॅकच झाला नाही, क्लेम कसा टाकू?

नमस्कार मंडळी. ४ तारखेला एका कॅशबॅक अ‍ॅपच्या लिंकवरून आईसाठी ४,२०० रुपयांचा मिक्सर मागवला. राजारामपुरीत घरी पोचलाही. पण ५ टक्क्यांचे २१० रुपये अ‍ॅपमध्ये 'पेंडिंग'मध्येसुद्धा दिसत नाहीत. नियमात ७२ तासांत ट्रॅक होईल असं लिहिलंय, आज सहावा दिवस. क्लेम ऑर्डरपासून १० दिवसांतच टाकता येतो, म्हणजे हातात चारच दिवस आहेत.

ट्रॅक न होण्यामागे काय कारण असेल, याबद्दल मला शंका आहे. मिक्सर आदल्या रात्रीच कार्टमध्ये टाकून ठेवला होता, लिंक दुसऱ्या दिवशी उघडली. शिवाय लिंक ब्राउझरमध्ये उघडली आणि पैसे भरताना दुकानाचं अ‍ॅप आपोआप सुरू झालं. बाहेरचं कूपन वापरलेलं नाही, वस्तू परत करायची नाही. क्लिकच्या नोंदीत ४ तारखेची वेळ दिसते, तिचा स्क्रीनशॉट आणि बिल जवळ आहे. दुकानाच्या कस्टमर केअरने मात्र कॅशबॅक अ‍ॅपकडेच बोट दाखवलं.

कार्ट आधीच भरलेलं असताना कुणाचा क्लेम मंजूर झालाय का? आणि मंजूर झाल्यावर कॅशबॅकचे जे पॉइंट मिळतात, ते संपायची ९० दिवसांची मुदत ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात, की जमा झाल्यापासून?