‘बायस’ म्हणजे पूर्वग्रह, कल की पासंग?

मिरजेची डाएटिशियन
गुरुवारी आमच्या जर्नल क्लबमध्ये पेपर मांडायचाय. या वेळी वॉर्डातल्या सिस्टर आणि किचनचे सुपरवायझरही बसणार, म्हणून मराठीत बोलायचं ठरलं. पेपर म्हणजे २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेली ‘एफर्ट’ चाचणी. स्वित्झर्लंडमधली ८ हॉस्पिटलं, कुपोषणाचा धोका असलेले दोन हजारांवर पेशंट. एका गटात आहारतज्ज्ञाने प्रत्येकाची गरज मोजून खाणं ठरवलं, दुसऱ्या गटाला हॉस्पिटलचं नेहमीचं जेवण. कोण कुठल्या गटात जाणार हे संगणकाने ठरवलं.
अडलंय ‘बायस’पाशी. मी ‘पूर्वग्रह’ म्हटलं, तर आमच्या सिस्टर म्हणाल्या, ‘म्हणजे त्या डॉक्टरांनी आधीच ठरवलं होतं?’ मला तसं म्हणायचं नाहीये.

जुना मास्तर
सिस्टरांचं बरोबर आहे. पूर्वग्रह मनात असतो, पक्षपातात हेतू असतो. हेतू नसताना झालेली एकतर्फी चूक सांगायची तर ‘कल’ म्हणा. भिंतीला कल असतो, तो गवंड्याच्या मनात नसतो.

हळदपेठ
आमच्याकडे यार्डात जुने लोक ‘पासंग’ म्हणायचे. काट्याचं एक पारडं मुळातच जड असलं, तर दहा पोती तोला नाहीतर हजार, चूक त्याच बाजूला जाते. हात हलला तर चूक कधी इकडे, कधी तिकडे, आणि पोती वाढली की ती आपसूक जिरते. पासंग जिरत नाही.

जुना मास्तर
पण पासंग म्हणजे ती तूट भरायला पारड्याला बांधलेला खडा. तुम्ही दोषाला आणि उपायाला एकच नाव देताय.

हळदपेठ
दोन्हीला म्हणतात, सर. ‘काट्यात पासंग आहे’ असं बोलतातच की.

आकडेमोड, सांगली
शब्द कुठलाही घ्या, दोन हजार पेशंट घेतल्याने बायस जात नाही, हे त्या काट्यावरून सगळ्यांना कळेल. पुढचा प्रश्न असा की या चाचणीत पासंग आहे का, आणि कुठल्या पारड्यात.

पीजी सेकंड इयर
त्यात काय शोधायचं? ब्लाइंडिंग नव्हतं, कोण कुठल्या गटात हे लपवलंच नव्हतं. ताट सगळ्यांना दिसतं. म्हणजे चाचणी बादच.

आकडेमोड, सांगली
थांबा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पेशंटला घ्यायचं की नाही हे ठरवताना संगणकाची पुढची चिठ्ठी कुठल्या गटाची हे डॉक्टरला कळता कामा नये, नाहीतर तो जरा बरा दिसणारा पेशंट आपल्या आवडत्या गटासाठी राखून ठेवतो. ते इथे सांभाळलं होतं. चिठ्ठी उघडल्यावर मात्र सगळ्यांना दिसत होतं, हे खरं. पण त्याने प्रत्येक गोष्ट सारखी बिघडत नाही. माणूस गेला की राहिला, यात बघणाऱ्याचं मत चालत नाही. आयसीयूत हलवायचं का, पुन्हा दाखल करायचं का, हे डॉक्टर ठरवतो, तिथे कल शिरू शकतो. पेशंटला उठता-चालता येतं का हे ३० दिवसांनी फोनवर विचारलं, आणि विचारणाऱ्या नर्सला गट माहीत नव्हता. पेशंटनेच ‘मला स्पेशल जेवण होतं’ असं सांगितलं तर मात्र इलाज नाही.
आणि शेजारच्या खाटेचं ताट बघून दुसऱ्या गटातला पेशंटही अंडं मागू लागला, तर पासंग उलटा. तेव्हा खरा फरक कमी दिसतो, जास्त नाही.

कराडचा मुलगा
ही चाचणी आपल्याकडे कुठल्या लॅबमध्ये करतात? वडील ॲडमिट आहेत, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन २.४ आलंय. डॉक्टर म्हणतात खाणं वाढवा.

मिरजेची डाएटिशियन
दादा, ही रक्ताची चाचणी नव्हे, प्रयोग आहे. (बघा, ‘चाचणी’ शब्दाचंही हेच. स्लाइडवर ‘ट्रायल’च ठेवते.) वडिलांबद्दल तिथल्या डॉक्टरांशी आणि आहारतज्ज्ञांशीच बोला. एवढं सांगते, जंतुसंसर्गात, अंगावर सूज असताना अल्ब्युमिन तसंही उतरतं. त्या एका आकड्यावरून त्यांनी किती खाल्लं हे कळत नाही.
माझ्या दुसऱ्या शब्दाचं घोडं इथेच अडतं. ‘आउटकम’ला काय म्हणू? ‘परिणाम’ घेतला तर वाक्य होतं, ‘आहाराचा परिणामांवर काय परिणाम झाला’.

जुना मास्तर
निष्पत्ती.

सातारा सिस्टर
सर, निष्पत्ती म्हटलं की आमच्या मुली झोपतील. ‘शेवटी काय मोजलं’ असं सरळ विचारा.

आकडेमोड, सांगली
सिस्टरांचा शब्द बेस्ट. आणि उत्तर आहे भडंग. मृत्यू, आयसीयू, अचानक पुन्हा दाखल होणं, मोठी गुंतागुंत, अंगातली ताकद उतरणं, या पाचांतलं ३० दिवसांत एक जरी झालं तरी पेशंट ‘वाईट’ खात्यात. दोनतीन झाली तरी तो एकदाच मोजला जातो. असे आहार-गटात १,०१५ पैकी २३२, नेहमीच्या गटात १,०१३ पैकी २७२. शंभरात चारचा फरक, म्हणजे २५ जणांना असं जेवण दिलं तर एकाचं टळतं.
आता भडंगात शेंगदाणा किती, चुरमुरा किती ते बघा. पुन्हा दाखल होणं दोन्हीकडे जवळपास सारखंच, ९ टक्के. ताकद उतरणं कमी झालं. मृत्यू ७३ विरुद्ध १००. म्हणजे फरक बराचसा शेंगदाण्यातच आहे. मृत्यू सारखे नि नुसती पुन्हा-दाखल कमी, असं असतं तर मी हा पेपर एवढा मनावर घेतला नसता.

पीजी सेकंड इयर
मग बाद नाही म्हणायचं. पण हॉस्पिटलातल्या थोड्या दिवसांच्या जेवणाने मृत्यू एवढे कमी होतात हे पटत नाही.

आकडेमोड, सांगली
मलाही थोडं जडच जातं. चाचणी मृत्यूसाठी बेतलेली नव्हती, तो दुय्यम आकडा आहे. खरा फायदा त्याहून लहान असू शकेल.

सातारा सिस्टर
मला तिसरा शब्द खटकतोय. ‘हॉस्पिटलचं नेहमीचं जेवण’. कुणाचं नेहमीचं? तिथे ट्रे येतो. आमच्या वॉर्डात घरचा डबा येतो, त्यातलं अर्धं पेशंट खातो, उरलेलं नातेवाईक. कालच्या आजोबांचं सांगते, वजन ४८ किलो, न्यूमोनिया. दिवसभरात दोन भाकरी, दोन वाट्या वरण, कपभर दूध समोर आलं. पोटात गेलं त्यातलं निम्मं.

मिरजेची डाएटिशियन
सिस्टर, हेच उदाहरण घेते. त्या ट्रायलमध्ये किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं असं ध्येय होतं, किडनी बिघडलेल्यांना कमी. ४८ किलोला कमीत कमी ५८ ग्रॅम. तुमच्या आजोबांसमोर आलं साधारण ३० ग्रॅम, पोटात गेलं १५. रोज दोन अंडी आणि मूठभर शेंगदाण्याचा कूट वरणात घातला तरी जेमतेम २० वाढतात.
तिथेही प्रथिनांचं ध्येय सगळ्यांनी गाठलं नाही, चौघांत तिघांनीच. पण तिथे ४८ तासांत आहारतज्ज्ञ खाटेपाशी पोचत होता आणि कोणी किती खाल्लं ते दर एक-दोन दिवसांनी तपासत होता. आमच्याकडे दीडशे खाटांना मी एकटी. शिवाय त्यांचे पेशंट सरासरी सत्तरीच्या पुढचे, कुपोषण आजारातून आलेलं. आमच्याकडे पन्नाशीचा टीबीचा पेशंट वर्षानुवर्षं बारीकच असतो. कुपोषणाच्या धोक्याच्या तपासणीत दोघांना एकच गुण मिळाले तरी ते एकच पेशंट आहेत का, मला सांगता येत नाही.

पीजी सेकंड इयर
आणि गिळता न येणारे, आयसीयूतले, ऑपरेशनचे पेशंट त्यांनी घेतलेच नव्हते. आमच्या वॉर्डात निम्मे स्ट्रोकचे.

मिरजेची डाएटिशियन
बरोबर. त्यांच्याबद्दल हा पेपर गप्प आहे, तसं सांगेन.

जुना मास्तर
मग ‘स्टँडर्ड फूड’ला ‘तिथलं जेवण’ म्हणा. ‘नेहमीचं’ नको.

सातारा सिस्टर
आणि ‘किती खाल्लं’चा तक्ता मराठीत करा, ताई. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. ‘टक्के’ लिहिलं की मुली सगळीकडे पन्नास भरतात. ‘नातेवाइकांनी खाल्लं’ याला कुठला रकाना देऊ, ते मात्र अजून सुचलेलं नाही.