काका ‘होते’ की ‘आहेत’?

रानजाई: मैत्रिणीचे बाबा जाऊन तीन आठवडे झाले. मी मेसेज केला, ‘काका फार प्रेमळ होते गं.’ तिचं उत्तर एवढंच आलं: ‘आहेत.’ तेव्हापासून मी गप्प बसलेय. आता काय लिहू?

सरळरेघ: उगाच शब्दांचा कीस काढताय. माणूस गेला की भूतकाळ. ‘आहेत’ लिहून तिला खोटी आशा लावणार का?

पाऊलखुणा: आशा कसली? बाबा गेलेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे! ‘प्रेमळ होते’ म्हटलं की स्वभावावरच पडदा पडतो, ते तिला टोचलं असणार. आणि मराठीत काय फक्त ‘होते’ आणि ‘आहेत’च आहे? ‘काकांनी मला सायकल शिकवली होती’ यात गोष्ट लांब गेली. ‘होती’ गाळा, जरा जवळ येते. ‘शिकवलीय’ म्हणा, ते शिकणं आजही तुमच्यापाशी आहे. तिन्ही वाक्यं खरीच. नाहीतर क्रियापदच नको: ‘काकांचा स्वभावच प्रेमळ.’ पुढे काय जोडायचं ते तिचं ती ठरवेल.

फक्त रोजच्या गोष्टी वर्तमानात नकोत. ‘काका सकाळी फिरायला जातात’ वाचून तिच्या पोटात खड्डा पडेल. तिथे ‘जायचे’च बरं.

मधलीसुट्टी: माझा भाऊ जाऊन चार वर्षं झाली. आई म्हणायची, ‘त्याला गर्दी आवडत नाही.’ एका नातेवाइकांनी तिला दोनदा टोकलं, ‘आवडत नव्हती म्हण.’ त्यानंतर तिने त्याचा विषयच काढला नाही. मला मात्र उलटं होतं. कुणी ‘दादा आहेच की तुझ्यासोबत’ लिहिलं की डोकं फिरतं. कुठे आहे?

सरळरेघ: तेच म्हणतोय! मी एका कार्यालयाला सवयीने लिहिलं, ‘वडील खातेदार आहेत.’ त्यांनी वडिलांची सही मागितली.

पाऊलखुणा: अर्जात भूतकाळच लिहा, वाटल्यास तारखेसकट. पण हा अर्ज नाही हो. रानजाई, तिचं ‘आहेत’ खोडू नका, ओढूनताणून गिरवूही नका. उद्या ती स्वतः ‘होते’ म्हणाली तर ‘आहेत’चा हट्ट तुम्ही धरू नका. आणि मधलीसुट्टीसारखं कुणी असेल, तर त्यांना त्यांच्या काळात बोलू द्या.

रानजाई: पाठवलं: ‘हो गं. मला सायकल काकांनीच शिकवलीय. उतार आला की अजून त्यांचं “ब्रेक, ब्रेक!” ऐकू येतं.’ पाच मिनिटांनी उत्तर आलं: ‘आणि पहिल्याच दिवशी तुला खड्ड्यात पाडलं होतं ना बाबांनी?’

सरळरेघ: बघा, ‘होतं’!

मधलीसुट्टी: पाडलं होतं म्हणालीय. बाबा होते म्हणालेली नाही.