मदत हवी आहे: ग्रुप प्रोजेक्टच्या रूब्रिकमध्ये वैयक्तिक मार्क कसे काढता?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नववीला शिकवते. मुलांना मासुंदा तलावाच्या पाण्यावर प्रोजेक्ट दिलाय, पाच जणांचा ग्रुप, 20 मार्क. रूब्रिकमध्ये चार निकष, प्रत्येकी 5: नोंदी, निष्कर्ष, मांडणी, टीमवर्क. पहिल्या तीन निकषांचं जमलं, म्हणजे नोंदींत 5 ला "तीन ठिकाणचं पाणी, तारीख-वेळेसकट" आणि 2 ला "एकाच ठिकाणचं, वेळ नाही" असं लिहिलं की वाद होत नाही. घोडं अडतंय टीमवर्कवर, तिथे "चांगलं", "बरं" याच्या पुढे मला काही सुचेना.

मग मुलांनाच एकमेकांना 5 पैकी गुण द्यायला लावले आणि ज्याची त्याची सरासरी भागिले ग्रुपची सरासरी, गुणिले ग्रुपचे मार्क असं केलं. एका ग्रुपला 14 होते, सरासरी 3.6. बडबड्या पोराला 4.5 मिळाले म्हणून त्याचे झाले 17.5, आणि जी मुलगी रोज सकाळी बाटल्या भरून आणायची तिला 1.8, म्हणजे थेट 7! वहीत सगळ्या नोंदी तिच्याच अक्षरात हो.

आता वाटतंय गुणक 0.9 ते 1.1 मध्येच ठेवावा आणि टीमवर्कचा निकष काढून टाकावा, नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. पण मग काहीच न करणारा पण तरून जातो ना? तुम्ही मर्यादा किती ठेवता, आणि वहीतला पुरावा कुठे धरता?