घरून एकटीने सबटायटलिंग: ठरलेली सुट्टी कशी मागायची?

मी नाशिकला घरून फ्रीलान्स सबटायटलिंग करते. काम एजन्सीमार्फत येतं, पैसे व्हिडिओच्या मिनिटावर. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे फाइल संध्याकाळी येते आणि सकाळी द्यायची असते. ती संपायच्या आत दुसरी हजर. हल्ली तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकूनही डोक्यात शिरत नाही, ओळ पात्राच्या तोंडाआधीच पडद्यावर येते. दिवसभरात बोलणं होतं ते कुरिअरवाल्याशी, तेही ओटीपीपुरतं.

पंचवीस मिनिटांचा टायमर लावून पाहिला, पण ब्रेकमध्ये एजन्सीचे मेलच बघत बसते. सकाळचं फिरणं तेवढं टिकलंय. थायरॉइड, बी-१२ तपासलं, ठीक आहे. को-वर्किंग किंवा अभ्यासिका चालणार नाही, कारण करारानुसार व्हिडिओ दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये. काम सोडणंही सध्या शक्य नाही, घराचा हप्ता आहे.

एखादी फाइल नाकारली की पुढचे काही दिवस शुकशुकाट असतो, म्हणून ऐनवेळी नाही म्हणायची भीती वाटते. तुमच्यापैकी कुणी एजन्सीकडून आठवड्याचा एक ठरलेला दिवस मोकळा करून घेतलाय का? आधी मेल करून विचारलंत, की कॅलेंडरवर सरळ ‘उपलब्ध नाही’ टाकलंत? त्यानंतर काम कमी झालं का? आणि स्क्रीन शेअर न करता, नुसता कॅमेरा लावून रात्री सोबत काम करायला कुणी तयार आहे का?