रेडबडच्या बिया रुजेनात: घासायच्या की फ्रिजमध्ये ठेवायच्या? मदत हवी आहे

ओहायोकर
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत रेडबडची झाडं आहेत, एप्रिलात पानं यायच्या आधीच फांद्या गुलाबी फुलांनी लगडतात. हिवाळ्यात वाळक्या शेंगा काढून आणल्या, बिया चपट्या, तपकिरी, मसुरीएवढ्या. दोन दिवस पाण्यात ठेवल्या तरी तशाच खडखडीत. एक जण म्हणतो सँडपेपरने घास, दुसरा म्हणतो तीन महिने फ्रिजमध्ये ठेव. काय करू, आणि कुठल्या बीला काय लागतं ते ओळखायचं कसं?

बागवेडा
सरळ फ्रिजमध्ये टाका हो, थंड प्रदेशातलं झाड आहे, थंडी मिळाली की कवच आपोआप फुटतं.

सुमनताई
मी साताऱ्याहून. बहाव्याच्या बिया महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, एकही आली नाही!! आता काय करू?

जुना नर्सरीवाला
बागवेडा, थंडी लागते हे बरोबर पण ती नंतर. कोरड्या बीवर फ्रिजचा काही परिणाम होत नाही, आधी आत पाणी शिरायला हवं.

ओहायोकर, तुमच्या बिया फुगल्या नाहीत म्हणजे कवच पाणी आत घेत नाहीये, एवढं कळलंच. आता चार-पाच बिया नेलकटरने जरा टवका काढून रात्रभर भिजवा, टवका टोकदार बाजूच्या उलट काढायचा, कारण मूळ टोकाकडून निघतं, तिथे लागलं तर बी गेली. फुगल्या की ओल्या टिश्यूत उबेला ठेवा. लगेच मोड आले तर काम संपलं, कवचाचीच अडचण होती. फुगून नुसत्या बसून राहिल्या, आतून पांढऱ्या टणक, तर आतला कोंब झोपलाय, त्याला थंडी द्यायची. रेडबडला बहुधा दोन्ही लागतं.

म्हणून सगळ्या टवका काढून भिजवा, फुगलेल्या तेवढ्याच निवडून पिळलेल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत, ४-५ अंशाला दोन-तीन महिने. फ्रीझरमध्ये नाही हं. मधूनमधून उघडून बघा, बुरशी दिसली तर धुवून टॉवेल बदला, मूळ दिसलं की कुंडीत. बारीक गोल भोक असलेल्या बिया आधीच काढा, ती कीड लागलेली असते.

सुमनताई, बहाव्याला थंडी नकोच, फक्त टवका काढून भिजवा. सकाळी दुप्पट झालेली दिसेल.

ओहायोकर
एवढ्या बारीक बीला टवका काढताना बोटं जातील माझी 😅 उकळतं पाणी चालेल का?

जुना नर्सरीवाला
उकळतं नको, उकळी बसल्यावर ८० अंशाच्या आसपास आलं की ओता आणि थंड होईपर्यंत राहू द्या. पण सगळ्या फुगत नाहीत, राहिलेल्यांना सँडपेपर.

बागवेडा
मग शरद ऋतूत बाहेर पेरून निसर्गावर सोडलं तर? माझ्या शेजाऱ्याकडे आपोआप उगवतात की.

जुना नर्सरीवाला
उगवतात, पण कोणत्या वसंतात ते सांगता येत नाही, कवच मऊ व्हायला काहींना एक हिवाळा पुरत नाही. आणि उंदीर, खारी वेगळ्याच.

सुमनताई
बहावा भिजत घातला. गुलमोहरालाही हेच का?