युरिक ॲसिड ८.२, सांधे ठणठणीत
> चेकअपमध्ये युरिक ॲसिड ८.२ आलं. कुठेच दुखत नाही. गोळी सुरू करू का?

मुतखडा किंवा किडनीचा त्रास नसेल, तर नुसत्या ८.२ वर सहसा गोळी देत नाहीत. इतकं वाढलेल्या बहुतेकांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, होतच नाही. उलट युरिक ॲसिड कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉल या गोळीने क्वचित अंगभर गंभीर पुरळ उठतं. दुखणं नसताना तो धोका कशाला?

बीपीची गोळी घेता का? पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर कारण तिथे असू शकतं. या गोळ्यांमुळे किडनी युरिक ॲसिड धरून ठेवते. आमच्या बाबांचं ८.६ होतं (आम्ही उगाच डाळी बंद केल्या होत्या!). डॉक्टरांनी त्यांची अशीच बीपीची गोळी बदलून लोसार्टन दिली, दोन महिन्यांत ६.९. स्वतःहून मात्र बंद करू नका. पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन सुजला, तर गोष्ट वेगळी.