मदत हवी आहे: शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, तरी माझा कर ६२ हजारांनी का वाढला?

मृणाल_तासगाव
नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते. वडील गेल्यावर वाटणीत तासगावजवळचा एक एकर द्राक्षबाग माझ्या नावावर आला. बाग भाऊच बघतो, पण माझ्या एकराचे पैसे माझ्या खात्यात येतात. २०२५-२६ मध्ये दहा टन माल किलोला ५० रुपयांनी गेला, म्हणजे पाच लाख. पगाराचं करपात्र उत्पन्न, ७५ हजारांची वजावट जाऊन, १४ लाख.

मी समजत होते की शेतीचं उत्पन्न नुसतं दाखवायचं, त्यावर कर नाही. सीएंनी नव्या पद्धतीने हिशोब पाठवला तर कर १,५६,००० रुपये. शेती नसती तर ९३,६०० बसला असता. शेतीला कर नाही, मग हे ६२,४०० कशाचे? आणि मुळात शेतीला वेगळं का ठेवलंय? सीएंना विचारलं तर "नियमच तसा आहे" एवढंच म्हणाले. मला कारण समजून घ्यायचं आहे.

रानवाटा
ताई, सीए बदला. घटनेनेच शेतकऱ्याला करमाफी दिली आहे, केंद्राला शेतीच्या उत्पन्नाला हात लावता येत नाही. सरळ शून्य यायला हवं.

अण्णा_कराड
रानवाटा, अर्धं बरोबर आहे. घटनेने माफी दिलेली नाही, अधिकार वाटून दिलाय. उत्पन्नावरचा कर केंद्राचा, पण "शेतीचं उत्पन्न सोडून". शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांच्या यादीत, ४६ वी नोंद. राज्याने ठरवलं तर घेता येतो. आपल्याकडे १९६२ साली असा कायदा झाला होता, आसाम-केरळात चहा-रबराच्या मळ्यांवर राज्यांनी हा कर लावला. बाकी ठिकाणी कोणत्याही पक्षाला तो लावायचा नसतो, म्हणून माफीसारखं दिसतं.

मृणाल, आधी "का" सांगतो, मग आकडे. मी पस्तीस वर्षं विवरणपत्रं भरण्याचंच काम केलं.

१८६० साली जेम्स विल्सनने इथे प्राप्तिकर आणला, तेव्हा त्यात शेतीचं उत्पन्न होतं. १८८६ च्या कायद्यात ते वगळलं. शेतकऱ्याची कणव आली म्हणून नव्हे. त्याच जमिनीवर सरकार शेतसारा घेतच होतं, आणि तेव्हा तो सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. एकाच पिकावर दोनदा कर नको, हा मुद्दा. याची खूण कायद्यात बराच काळ राहिली: १९७० पर्यंत शेती-उत्पन्नाच्या व्याख्येतच अट होती की जमिनीवर सारा किंवा स्थानिक कर बसलेला असावा. १९३५ च्या कायद्याने हा विषय प्रांतांकडे गेला, आणि घटनेने तीच वाटणी उचलली. पाकिस्तानलाही तोच वारसा मिळाला. तिथेही हा कर प्रांतांकडेच आहे, आणि नाणेनिधीच्या अटींमुळे प्रांतांना २०२५ पासून तो वाढवावा लागला.

सारा आता नावापुरता उरला, सूट मात्र राहिली. तिला टिकवणारं दुसरं कारण व्यवहारातलं आहे. घरी खाल्लेली ज्वारी, बांधावर रोखीत विकलेली भाजी, उसनवारीची मजुरी, याचा हिशोब कोण ठेवणार आणि कोण तपासणार? आणि तपासून हाती काय येणार? २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं, तेही मजुरी वगैरे सगळं धरून. वर्षाचे सव्वा लाखही होत नाहीत. चार लाखांपर्यंत कोणालाच कर नाही. म्हणजे सूट काढली तरी बहुतेक शेतकऱ्यांना फरक पडणार नाही. फरक पडतो तो मोठ्या बागायतदाराला, आणि दुसरीकडची कमाई शेतीच्या नावावर दाखवणाऱ्याला.

मृणाल_तासगाव
अण्णा, हे कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. पण मग माझे ६२ हजार?

अण्णा_कराड
तेच. १९७२ साली के. एन. राज समितीने हा प्रश्न पाहिला. नोकरी आणि शेती दोन्ही असलेल्या माणसाची ऐपत नुसत्या नोकरदारापेक्षा जास्त असते, पण केंद्र शेतीवर कर लावू शकत नाही. मग १९७३ पासून तोड अशी निघाली: कर पगारावरच, पण दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मोजायचं. ते पाच हजारांवर असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तरच.

तुझ्या बाबतीत १४ आणि ५ मिळून १९ लाखांवर कर १,८०,०००. त्यातून शेतीचे ५ लाख अधिक मर्यादेचे ४ लाख, अशा ९ लाखांवरचा कर, ३०,०००, वजा. उरले १,५०,०००, त्यावर ४ टक्के उपकर. झाले १,५६,०००. असं समज की शेतीचे पाच लाख शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर बसले आणि पगार वरच्या पायऱ्यांवर ढकलला गेला.

पण मला एक खटकतंय. पाच लाख ही विक्री आहे ना? खर्च कुठे गेला?

बेदाणा_शेड
आमचं पण असंच आहे. आम्ही द्राक्ष विकत नाही, शेडवर बेदाणा करून कोल्ड स्टोरेजला ठेवतो आणि सौद्यात काढतो. बेदाण्याचा पैसा शेतीत धरायचा का धंद्यात? आणि मागच्या साली विहिरीजवळचा तुकडा विकला, त्यावर टॅक्स लागतो का?

मृणाल_तासगाव
अण्णा, खर्च मी धरलाच नाही! भावाने नुसत्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या पाठवल्या, मी बेरीज करून सीएंना दिली. आत्ता त्याला फोन केला. छाटणी, डिपिंगची मजुरी, जीए, बुरशीनाशकं, खत, ट्रॅक्टर धरून माझ्या एकराचे २,८०,००० गेलेत म्हणाला. दुकानाची बिलं आहेत, मजुरीची त्याने वहीत तारखेनिशी नोंद ठेवली आहे.

अण्णा_कराड
मग चित्रच बदललं. निव्वळ उत्पन्न २,२०,०००. आता १६.२ लाखांवर कर १,२४,०००, त्यातून ६.२ लाखांवरचा ११,००० वजा, राहिले १,१३,०००. उपकरासह १,१७,५२०. म्हणजे ३८,४८० रुपये तू उगाच भरणार होतीस. विवरणपत्रात एकूण विक्री, खर्च आणि निव्वळ अशा वेगळ्या रकान्यांत भर. फॉर्म ITR-2 लागेल, पाच हजारांच्या वर शेती असेल तर ITR-1 चालत नाही. पट्ट्या, बिलं, सातबारा आणि ती वही जपून ठेव.

बेदाणा_शेड, तुमचं सरळ नाही. माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी नेहमी जे करतो, तेवढीच प्रक्रिया शेतीत धरतात. ताज्या द्राक्षाला बाजार आहेच, म्हणून अधिकारी म्हणू शकतो की सुकवणं हा पुढचा धंदा. तुम्ही म्हणाल, तुमच्या भागात पिढ्यांपासून बागायतदार स्वतःचाच माल सुकवतो. माझ्या मते तुमची बाजू भक्कम आहे, पण खात्री देणार नाही. दुसऱ्याची द्राक्षं घेऊन सुकवत असाल तर तो हिशोब मात्र वेगळा ठेवाच. आणि जमीन विक्रीचा प्रश्न निराळा आहे, त्यासाठी गाव पालिकेच्या हद्दीपासून किती लांब हे बघावं लागतं. नवा धागा काढा.

स्नेहल_फ्रेझ्नो
इकडे कॅलिफोर्नियात आमचे शेजारी बदामवाले आहेत. त्यांना सूट नाही, पूर्ण कर. पण एखाद्या वर्षी पीक जोरात आलं तर ते उत्पन्न मागच्या तीन वर्षांवर पसरून कर मोजता येतो. शेतीची कमाई एक साल वर, एक साल खाली, हे त्यांनीही मानलंय.

रानवाटा
अण्णा, घटनेबद्दल माझं चुकलं, मान्य. पण शेतीमुळे पगाराचा कर वाढत असेल तर तो शेतीवरचाच कर झाला. नाव काहीही द्या.

अण्णा_कराड
हा आक्षेप जुना आहे आणि पोकळ नाही. मला ही पद्धत रास्त वाटते, कारण शेतीशिवाय काहीच नसलेल्याला ती शिवत नाही. पण मृणालच्या खिशातून २३,९२० जास्त जातातच, हे तुझं खरं.

मृणाल_तासगाव
सीएंना सुधारित आकडे पाठवले. भाऊ वहीच्या पानांचे फोटो काढून पाठवतोय. एक पान औषधाने भिजून पुसट झालंय, त्यातली डिपिंगची मजुरी तो बायकांना पुन्हा विचारून लिहून घेणार आहे.